फेरीवाला परवाना, विक्रीची जागा आणि कारवाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या शहरांतून भाजीवाले, पथारीवाले, हातगाडीवाले, दुकानदार आणि सोसायट्यांचे पदाधिकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधार २०१४ चा पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) कायदा. शहरागणिक अर्जाचे नमुने आणि शुल्क वेगळे असतात, मूळ नियम मात्र सगळीकडे हेच.

१. पथविक्रेता कायदा कोणाकोणाला लागू होतो?

रस्ता, पदपथ, गल्ली, बाग किंवा इतर सार्वजनिक जागी माल विकणाऱ्या वा सेवा देणाऱ्या प्रत्येकाला. भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई, वडापावची गाडी, पदपथावर बसणारा चांभार, दारोदार फिरून भांडी विकणारा, सगळे यात येतात. कायदा १ मे २०१४ पासून लागू आहे.

मोठा अपवाद रेल्वेचा. रेल्वेच्या मालकीच्या व ताब्यातल्या जागेत, इमारतीत आणि गाडीत हा कायदा चालत नाही. म्हणून एकाच पुलाच्या दोन टोकांना दोन कायदे असू शकतात: पायऱ्या रेल्वे हद्दीत असतील तर तिथे रेल्वे सुरक्षा दलाची कारवाई, आणि पायऱ्या संपून महापालिकेचा रस्ता सुरू झाला की हा कायदा. आपली जागा हद्दीच्या कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहा, नाहीतर पुढच्या उत्तरांतले अर्धे हक्क तुम्हाला लागूच पडणार नाहीत.

२. माझ्याकडे रोजची बाजार पावती आहे. म्हणजे परवाना आहे ना?

नाही. पावती (काही गावांत तिला तहबाजारी म्हणतात) फक्त एवढंच सांगते की त्या दिवशी त्या जागेचं शुल्क तुम्ही भरलं. कायद्यातला परवाना म्हणजे विक्री प्रमाणपत्र. त्यावर तुमचं नाव, विक्रीचा प्रकार (एका जागी बसून की फिरता) आणि अटी असतात, सोबत ओळखपत्र मिळतं.

तरी पावत्या फेकू नका. तुम्ही तिथे किती वर्षं बसत आहात याचा तो सगळ्यात सरळ पुरावा आहे. साधी अडचण अशी की छापील पावतीची शाई वर्षभरात उडते. दर महिन्याला दोन-तीन पावत्यांची झेरॉक्स काढून ठेवा किंवा तारीख दिसेल असा फोटो घ्या.

२०१४ पूर्वीचा जुना परवाना असेल तर गोष्ट वेगळी. त्याला नाव काहीही असो, त्याच्या मुदतीपर्यंत त्या प्रकारचा पथविक्रेता म्हणून तुम्हाला मान्यता आहे.

३. विक्री प्रमाणपत्र मिळतं कसं?

दुकानाच्या परवान्यासारखं अर्ज केला, शुल्क भरलं, कागद मिळाला, असं इथे होत नाही. सुरुवात सर्वेक्षणाने होते. नगर पथविक्रेता समितीने दर पाच वर्षांनी किमान एकदा शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांची नोंद घ्यायची असते. कर्मचारी जागेवर येऊन नाव, छायाचित्र, मालाचा प्रकार आणि ठिकाण लिहून घेतात. नंतर कागदांची छाननी होते आणि पात्र ठरलेल्याला प्रमाणपत्र मिळतं.

प्रमाणपत्र देण्याआधी तीन गोष्टींचं हमीपत्र घेतलं जातं: धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचे करतील, माझ्याकडे उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र वा जागा मी कोणालाही देणार नाही, भाड्यानेसुद्धा नाही. सही करण्याआधी हे वाचून घ्या, कारण पुढे प्रमाणपत्र रद्द होण्याचं कारण बहुधा यातलंच एखादं असतं.

बहुतेक अर्ज अडतात ते छाननीत. महाराष्ट्राच्या योजनेत अधिवास प्रमाणपत्र (डोमिसाइल) लागतं, आणि पंचवीस वर्षं एका कोपऱ्यावर बसलेल्या माणसाकडेही ते असतंच असं नाही. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज भरून आले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये समितीच्या निवडणुकीसाठी मतदार यादी झाली तेव्हा तीत सुमारे ३२ हजारच नावं होती. म्हणून सर्वेक्षणाची वाट न पाहता डोमिसाइल आजच काढायला घ्या. तो कागद सेतू केंद्रातून, तहसील कार्यालयामार्फत मिळतो आणि एकदा मिळाला की कायमचा उपयोगी पडतो.

४. सर्वेक्षणाच्या दिवशी मी गावी गेलो होतो. आता पाच वर्षं थांबायचं का?

थांबायची गरज नाही. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात नव्याने विक्री करू इच्छिणाऱ्यालाही समिती प्रमाणपत्र देऊ शकते. मात्र ते मिळेलच असं नाही, विक्री क्षेत्रात जागा शिल्लक असेल तरच (प्रश्न ८ पाहा). अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि त्या ठिकाणी बसल्याचे पुरावे जोडा: पावत्या, पूर्वी झालेल्या दंडाच्या पावत्या, माल उचलल्याचे कागद. दंडाची पावती लपवायचा मोह होतो, पण तुम्ही तिथे धंदा करत होता हे त्या कागदावर खुद्द पालिकेनेच लिहिलेलं असतं.

५. मला पंतप्रधान स्वनिधीचं कर्ज मिळालं आहे. मग मी अधिकृत फेरीवाला झालो ना?

हा गैरसमज सर्वात जास्त नुकसान करतो. स्वनिधी ही १ जून २०२० ला सुरू झालेली कर्जयोजना आहे. त्यासाठी सर्वेक्षणात नसलेल्यांनाही पालिकेकडून शिफारसपत्र मिळू शकतं. ते पत्र बँकेला सांगतं की हा माणूस पथविक्रेता आहे. कुठे बसायचं, किती जागा घ्यायची, याबद्दल ते काहीच सांगत नाही. कारवाईच्या वेळी शिफारसपत्र दाखवलं तर अधिकारी ते परवाना म्हणून मानणार नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबर आहे. तुम्ही हा धंदा करता याचा एक पुरावा म्हणून मात्र प्रश्न ४ मधल्या अर्जाला ते जरूर जोडा.

६. परवाना माझ्या नावावर, गाडीवर पुतण्या उभा राहतो. चालेल का?

कुटुंबातला माणूस उभा राहिला तर चालतं, पण विक्रेत्याच्या जागी बसू शकणारं कुटुंब म्हणून कायदा नाव घेतो ते पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेल्या मुलांचं. पुतण्या, मेहुणा, गावाकडचा पोरगा त्यात येत नाहीत. रोजंदारीवर माणूस ठेवून स्वतः न येणं किंवा जागा महिन्याच्या भाड्याने देणं हा हमीपत्राचा सरळ भंग आहे आणि त्यावर प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं मात्र बंधनकारक आहे. निर्णय विरोधात गेला तर पालिकेकडेच अपील करता येतं.

७. कुठे बसायचं आणि कुठे नाही, हे कोण ठरवतं? नगरसेवक?

नगरसेवक नाही, आणि एकटे आयुक्तही नाहीत. पालिकेने नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरून पथविक्रीची योजना करायची असते आणि तीत शहराची तीन प्रकारांत विभागणी असते: निर्बंधमुक्त विक्री क्षेत्र, निर्बंधित विक्री क्षेत्र (वेळ, दिवस किंवा मालाच्या प्रकारावर बंधन) आणि ना-फेरीवाला क्षेत्र.

समितीचे अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी असतात. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी मतदानाने निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. महाराष्ट्रात समिती वीस जणांची, म्हणून आठ प्रतिनिधी विक्रेत्यांचे. बाकीच्यांत वाहतूक पोलीस, वैद्यकीय अधिकारी, व्यापारी संघटना, रहिवासी संघ यांची माणसं येतात. दुकानदार आणि सोसायट्यांनी हे ध्यानात घ्यावं: तुमची तक्रार मांडायची जागा वॉर्ड ऑफिसचा जिना नसून ही समिती आहे. तिच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत आपला रस्ता यावा म्हणून लेखी पत्र द्या.

८. एका रस्त्यावर किती फेरीवाले बसू शकतात? याचा काही हिशेब आहे का?

आहे, आणि सगळी भांडणं याच हिशेबावर येऊन थांबतात. म्हणून सविस्तर.

पहिला आकडा लोकसंख्येचा. सर्वेक्षणात आढळलेल्या विक्रेत्यांना प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या प्रमाणात सामावून घ्यायचं असतं. एक लाख वस्तीच्या प्रभागात अडीच हजार विक्रेते. कागदावर हा आकडा मोठा दिसतो. पण प्रत्यक्षात बसायचं ते पदपथावर, आणि तिथे मीटरपट्टी लागते.

समजा एक पदपथ ४ मीटर रुंद आणि ९० मीटर लांब आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी मानकानुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी पट्टी हवी, बाजारपेठेत त्याहून जास्त. उरले २.२ मीटर. विक्रेत्याची जागा १ मीटर बाय १ मीटर धरली तर त्याच्यापुढे गिऱ्हाईक उभं राहायला १.२ मीटर राहतात. रुंदी पुरली.

आता लांबी. दोन इमारतींची फाटकं मिळून १२ मीटर, बस थांबा १५, दोन्ही टोकांच्या वळणांवर दहा-दहा आणि अग्निशमनाच्या नळाजवळ ३ मीटर सोडले, असे ५० मीटर गेले. उरलेल्या ४० मीटरमध्ये प्रत्येकाला १ मीटर जागा आणि तिच्या बाजूला अर्धा मीटर फट, म्हणजे माणशी दीड मीटर दिलं की २६ जण बसतात. फट सोडली नाही तर विक्रेत्याला स्वतःला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि माल पुढे सरकतो. वळणं आणि फटी यांची मापं इथे उदाहरणापुरती धरली आहेत, तुमच्या रस्त्याची तुम्ही मोजा.

त्या पदपथावर आज ४५ जण बसत असतील तर १९ जणांचं काय? क्षमतेपेक्षा विक्रेते जास्त असतील तर सोडत काढायची आणि राहिलेल्यांना लगतच्या विक्री क्षेत्रात जागा द्यायची, असं कायदा सांगतो. दुसरा मार्ग वेळ वाटून घेण्याचा: सकाळी भाजी, संध्याकाळी खाद्यपदार्थ, एकच चौकोन दोघांना. मात्र आपली वेळ संपली की माल पूर्ण उचलावा लागतो. ताडपत्री बांधून ठेवलेलं रिकामं बाकडंही चालत नाही.

आणि पदपथ अडीच मीटरचाच असेल तर? १.८ वजा केले की ०.७ उरतात. तिथे एकही चौकोन बसत नाही, मग आखणी करणाऱ्याने कितीही रंग मारो. अशा रस्त्यावर चौकोन आखलेले दिसले तर आखणी मोजमाप न करता झाली आहे असं समजा आणि समितीकडे मोजमापासह पत्र द्या.

९. आमच्या रस्त्यावर फार गर्दी होते. तो ना-फेरीवाला क्षेत्र करून घेता येईल का?

केवळ गर्दीच्या कारणावरून नाही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिलं आहे. गर्दीच्या ठिकाणी नव्या माणसांना प्रमाणपत्रं देणं रोखता येतं, पण आधीच्यांना हटवायला गर्दी हा आधार होत नाही. अस्वच्छताही तेव्हाच कारण ठरते, जेव्हा घाण फक्त विक्रेत्यांमुळेच होते आणि पालिकेच्या सफाईने ती सुटण्यासारखी नसते. सर्वेक्षणात नोंदलेला नैसर्गिक बाजार, म्हणजे जिथे गिऱ्हाईक आणि विक्रेते परंपरेने जमतात ती जागा, ना-फेरीवाला करता येत नाही. पन्नास वर्षांहून जुना असा बाजार वारसा बाजार म्हणून जपायचा असतो.

गर्दीचा त्रास खराच असतो, म्हणून मागणी वेगळी करा: चौकोनांची फेरआखणी, वेळेचं बंधन, गाड्यांच्या पार्किंगला मनाई. त्या मागण्या कायद्यात बसतात.

१०. स्टेशनपासून १५० मीटर ही अट कुठून आली?

मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घातलेल्या अटींतून. रेल्वे स्टेशन व महापालिका मंडईपासून १५० मीटर, शाळा, रुग्णालय, देवस्थानापासून १०० मीटर, विक्री सकाळी ७ ते रात्री १०, जागा १ मीटर बाय १ मीटर, अशा त्या अटी. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने ही अंतरं पुन्हा लागू केली.

मंदिराबाहेर फुलं-नारळ विकणाऱ्या बायांना याची झळ सर्वात जास्त बसते. अशी जागा असेल तर तोंडी सांगण्यावर विसंबू नका. तुमच्या शहराच्या योजनेत तिथे काय नोंद आहे याची प्रत माहिती अधिकारात मागवा.

११. माझ्या दुकानाच्या दारात भाजीवाला बसतो. मी त्याला उठवू शकतो का?

स्वतः नाही. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि जो अटी पाळतो, त्याला दुकानदार, पोलीस किंवा आणखी कोणीही अडवू शकत नाही (कलम २७). पण दुकानात शिरायची वाट अडवायचा हक्क त्यालाही नाही. म्हणून आधी पाहा: तो आपल्या चौकोनात आहे की चौकोनाबाहेर? बहुतेक ठिकाणी सकाळी आठला तो चौकोनात असतो आणि संध्याकाळी सहाला क्रेट पुढे येतात. फोटो दोन्ही वेळेचे काढा, त्यात दुकानाचं दार आणि चौकोनाची रेषा एकत्र दिसू द्या, आणि वॉर्ड ऑफिसच्या परवाना किंवा अतिक्रमण विभागाला द्या.

तक्रार देण्याआधी आपलंही पाहा. पदपथावर उतरलेला ओटा, लोखंडी पायरी, बाहेर टांगलेले कपडे, उभा फलक, हेही अतिक्रमणच. पथक येतं तेव्हा ते दोन्हींचा पंचनामा करू शकतं.

१२. दुकानदार म्हणतो, माझ्या समोर बसायचं तर महिन्याला पैसे दे. द्यायचे का?

नाही. पदपथ त्याच्या मालकीचा नाही, त्यामुळे भाडं घ्यायचा हक्कही नाही. पैसे देण्यात तुमचाही धोका आहे: जागा भाड्याने घेतली असं दिसलं की सर्वेक्षणात ती तुमची म्हणून नोंदवणं अवघड होतं. वीज त्याच्या मीटरवरून घेत असाल तर तो वेगळा प्रश्न, पण तीही अनधिकृत जोडणी ठरू शकते. बॅटरीचा दिवा वापरा.

१३. परवाना असूनही वाहतूक पोलीस दंड करतात. हे बरोबर आहे का?

कशावर दंड केला त्यावर अवलंबून आहे. विक्री क्षेत्रातल्या चौकोनात अटी पाळून बसला असाल तर पोलिसालाही तुम्हाला अडवता येत नाही. पण हातगाडी गाड्यांच्या पट्ट्यात उभी केली, टेम्पोतून माल भर रस्त्यात उतरवला, तर रहदारीला अडथळा केल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १०२ किंवा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली कारवाई होऊ शकते. विक्री प्रमाणपत्र त्यापासून वाचवत नाही. पावतीवर कलम लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. माल उतरवण्यासाठी सकाळी रहदारी वाढण्याआधीची वेळ समितीकडून ठरवून घेणं हा यावरचा टिकाऊ उपाय.

१४. गाडी आली आणि माल उचलून नेला. आता काय करू?

पहिली गोष्ट यादी. माल जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याने मालाची यादी करून, सही करून तुम्हाला प्रत द्यायची असते (कलम १९). घाईत "दोन क्रेट भाजी" एवढंच लिहिलं जातं. वजनकाटा, छत्री, स्टूलसुद्धा लिहून घ्या, कारण यादीत नसलेली वस्तू परत मागणं अवघड जातं. यादी दिलीच नाही तर वेळ, ठिकाण आणि गाडीचा क्रमांक तिथल्या तिथे लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट वेळ. नाशवंत माल तुम्ही मागणी केली त्याच दिवशी, आणि न सडणारा माल मागणीपासून दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरलेलं शुल्क भरून परत मिळाला पाहिजे. इथे मुख्य शब्द आहे मागणी. घड्याळ माल उचलल्यापासून सुरू होत नाही, तुम्ही मागितल्यापासून होतं. अकरा वाजता टोमॅटो उचलले आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलात, तर माल सडण्याची जबाबदारी टाकणं अवघड जातं. त्याच दुपारी दोन प्रतींत साधा अर्ज घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. अर्ज घेतला नाही तर तोच मजकूर अधिकृत ईमेलवर पाठवा, त्यावर वेळ आपोआप पडते.

१५. नोटीस न देता हटवता येतं का?

प्रमाणपत्रधारकाला हटवायचं किंवा दुसरीकडे न्यायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दिवसाला २५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये, असंही कलम ३ सांगतं.

मग रोज गाड्या येतात त्या कशा? पालिका जुन्या महापालिका अधिनियमातले अतिक्रमण हटवण्याचे अधिकार वापरतात, ज्यात नोटीस लागत नाही. पथविक्रेता कायद्याचं कलम ३३ म्हणतं की विसंगती असेल तिथे हाच कायदा वरचढ. पण याचा भक्कम आधार नोंद असलेल्या विक्रेत्यालाच मिळतो. सर्वेक्षणात नोंद नाही, प्रमाणपत्र नाही, ना-फेरीवाला क्षेत्रात बसणं, असं असेल तर बचाव फार कमकुवत होतो आणि २,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो.

१६. वॉर्ड ऑफिसात कोणी ऐकत नाही. वर कुठे जायचं?

कायद्यात तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. तिचे अध्यक्ष माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी असतात आणि दोन तज्ज्ञ सदस्य असतात, पालिकेचे कर्मचारी तिचे सदस्य होऊ शकत नाहीत. अर्ज लेखी असावा. निर्णय पटला नाही तर पालिकेकडे अपील करता येतं. अर्जात जे मागायचं ते एका ओळीत मागा: माल परत, किंवा जागेची नोंद, किंवा प्रमाणपत्राची प्रत. "न्याय मिळावा" एवढंच लिहिलेल्या अर्जावर आदेश काय द्यायचा हेच समितीला कळत नाही.

१७. नवरा गेला. गाडी त्याच्या नावावर होती. मी चालवू शकते का?

हो. प्रमाणपत्रधारकाचा मृत्यू झाला किंवा तो कायमचा अपंग वा आजारी झाला, तर आधी पती किंवा पत्नीला आणि त्यानंतर अवलंबून असलेल्या मुलाला त्या जागी विक्री करता येते. हा हक्क त्या प्रमाणपत्राच्या उरलेल्या मुदतीपुरताच असतो. प्रमाणपत्र संपायला तीन महिने राहिले असतील तर तीनच महिने. म्हणून मृत्यू दाखला हातात येताच तो, मूळ प्रमाणपत्र, रेशनकार्ड आणि स्वतःचं आधार यांसह अर्ज द्या, आणि त्याच वेळी स्वतःच्या नावाने नवं प्रमाणपत्र मागणारा दुसरा अर्जही द्या. महिलांना आणि विधवांना प्राधान्य मागता येतं, ते अर्जात लिहा. जागा मध्ये रिकामी ठेवू नका, दिवसातून दोन तास का होईना बसा. रिकाम्या चौकोनावर दुसरं कोणी बसलं की पुढचा वाद तिथूनच सुरू होतो.